ट्रायलचा पेपर वाचून मूल्यमापनाची वर्कशीट कशी भरावी: रिकव्हरीच्या डेक्सामेथासोन पेपरवरून प्रश्नोत्तरे

जर्नल क्लबसाठी पेपर हातात आला की बहुतेक निवासी डॉक्टर आधी गोषवारा वाचतात आणि वर्कशीटचे रकाने तिथल्याच वाक्यांनी भरतात. रकाने भरतात, मूल्यमापन मात्र होत नाही. खालची उत्तरे एकाच पेपरला धरून लिहिली आहेत: कोविडने रुग्णालयात दाखल झालेल्यांवरचा, ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमधला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा पेपर. तो निवडण्याचे कारण असे की त्यातला फायदा खरा आहे, पण तो सर्वांना नाही, आणि हा फरक वर्कशीट नीट भरल्याशिवाय हाती लागत नाही.

सुरुवात कुठून करायची?

पेपरची आवृत्ती लिहून ठेवण्यापासून. हा तपशील क्षुल्लक वाटतो, पण या पेपरमध्ये तो फार महत्त्वाचा आहे. जून २०२० मध्ये जो प्रीप्रिंट आला त्यात २८ दिवसांतले मृत्यू डेक्सामेथासोन गटात २१.६ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात २४.६ टक्के होते. जुलैपासून न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये जो पेपर आला त्यात हेच आकडे २२.९ आणि २५.७ झाले, कारण मधल्या काळात आणखी रुग्णांची माहिती पूर्ण झाली. निष्कर्ष बदलला नाही. पण वर्गात एकाच्या शीटवर २१.६ आणि दुसऱ्याच्या शीटवर २२.९ असेल, तर अर्धा तास कोण बरोबर यातच जातो. मी जर्नलमधली आवृत्ती धरतो आणि शीटच्या पहिल्या ओळीत तसे लिहितो.

त्यानंतर प्रश्न स्वतःच्या शब्दांत, एका वाक्यात मांडायचा. उदाहरणार्थ: कोविडसाठी रुग्णालयात दाखल असलेल्यांना नेहमीच्या उपचारांसोबत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, तोंडाने किंवा शिरेतून, जास्तीत जास्त १० दिवस दिले, तर फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांच्या तुलनेत २८ दिवसांत मृत्यू कमी होतात का? मात्रा, मुदत आणि कोणाशी तुलना, हे तिन्ही वाक्यात आलेच पाहिजे. ‘स्टेरॉइडचा फायदा होतो का’ असे लिहिले तर पुढचे सगळे रकाने सैल पडतात.

बायसचा रकाना पूर्ण पेपरसाठी एकदाच भरायचा का?

नाही. वर्कशीट भरताना सर्वांत जास्त गल्लत इथेच होते. बायस तपासायचा तो एका ठरावीक निकालाचा. एकाच ट्रायलमधला मृत्यूचा आकडा विश्वासार्ह असू शकतो आणि त्याच ट्रायलमधला दुसरा आकडा शंकास्पद असू शकतो.

रिकव्हरीत प्लासिबो नव्हता. कोणाला डेक्सामेथासोन चालू आहे हे डॉक्टरांना आणि रुग्णांना माहीत होते. ‘ब्लाइंडिंग नाही, म्हणून बायस जास्त’ असे अनेक शीटवर लिहिलेले दिसते. हा निष्कर्ष घाईचा आहे. आधी विचारायचे: हे माहीत असल्यामुळे या निकालाची मोजणी बदलू शकते का? मृत्यूच्या बाबतीत नाही. माणूस हयात आहे की नाही हे ठरवताना कोणाचे मत आड येत नाही, आणि ट्रायलने राष्ट्रीय आरोग्य नोंदींशी जोडणी करून ही माहिती मिळवली.

आता त्याच पेपरमधला दुसरा निकाल घ्या: २८ दिवसांत जिवंत घरी गेलेले. डेक्सामेथासोन गटात ६७.२ टक्के, दुसऱ्या गटात ६३.५ टक्के. डिस्चार्ज कधी द्यायचा हा डॉक्टरांचा निर्णय असतो. कोणता उपचार चालू आहे हे माहीत असलेला डॉक्टर एखाद्या रुग्णाला एक दिवस आधी सोडू शकतो किंवा एक दिवस जास्त ठेवू शकतो. म्हणून मृत्यूसाठी ‘धोका कमी’ आणि डिस्चार्जसाठी ‘काही शंका’ अशा दोन वेगळ्या नोंदी करायच्या. एका पेपरसाठी बायसच्या दोन ओळी होतात, आणि ते योग्यच आहे.

रँडमायझेशनबद्दल नेमके काय शोधायचे?

दोन गोष्टी. नावे कशी वाटली गेली, आणि पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे नोंदणी करणाऱ्याला आधी कळू शकत होते का. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि विद्यार्थी तीच वगळतात. ‘रँडमाइज्ड’ हा शब्द शीर्षकात आहे म्हणून रकान्यात बरोबरची खूण करून चालत नाही.

इथे नोंदणी वेबवरून होत होती. रुग्णाची माहिती भरून झाल्यावरच गट कळत असे. डेक्सामेथासोन गटात २,१०४ आणि नेहमीच्या उपचारांत ४,३२१, म्हणजे साधारण एकास दोन असे वाटप ठरवलेले होते. पद्धत साधी होती: वय किंवा आजाराची तीव्रता यांचे स्तर पाडून वाटप केलेले नव्हते. शीटवर लिहा: ‘वाटप लपवलेले होते, पद्धत पक्की, स्तर नाहीत’.

स्तर नसल्याचा परिणाम पहिल्या तक्त्यात दिसतो. डेक्सामेथासोन गटाचे सरासरी वय ६६.९ वर्षे, दुसऱ्या गटाचे ६५.८. फरक १.१ वर्षाचा. तो योगायोगाने पडला आहे, वाटपात कोणी ढवळाढवळ केल्याचे ते लक्षण नाही. पण कोविडमध्ये मृत्यूचा धोका वयाबरोबर झपाट्याने वाढतो, त्यामुळे एवढ्याशा फरकानेही निकालाचा आकडा हलतो. पुढच्या प्रश्नाचे मूळ इथेच आहे.

पेपरमध्ये रेट रेशो ०.८३ आहे, पण मी टक्केवारीवरून काढले तर ०.८९ येते. माझे काय चुकले?

काहीच चुकले नाही, आणि हा प्रश्न पडला म्हणजे पेपर नीट वाचला जातोय. २२.९ भागिले २५.७ केले की ०.८९ येतेच. पेपरमधला ०.८३ हा वयाचा फरक जमेस धरून काढलेला रेट रेशो आहे. वयाचे ७० पेक्षा कमी, ७० ते ७९ आणि ८० च्या पुढे असे तीन गट करून तो काढला आहे. वयस्कर माणसे डेक्सामेथासोनकडे थोडी जास्त होती, म्हणून कच्च्या टक्केवारीत औषधाचा परिणाम थोडा कमी दिसतो.

पण थांबा, शीटवर आणखी एक नोंद हवी. वयानुसार दुरुस्ती करायची असे विश्लेषणाच्या पहिल्या आराखड्यात नव्हते. वयाचा असमतोल दिसल्यावर ती जोडली, असे लेखकांनी पेपरमध्ये स्वतःच सांगितले आहे. ट्रायलमधला बायस तपासण्याच्या आरओबी २ या साधनाचा पाचवा भाग नेमके हेच विचारतो: दाखवलेला निकाल अनेक शक्य विश्लेषणांतून निवडलेला तर नाही ना?

माझे मत असे: ०.८३ या नेमक्या आकड्यासाठी इथे ‘काही शंका’ लिहावे आणि कारणही लिहावे. वयासाठी दुरुस्ती करणे वैद्यकीयदृष्ट्या अगदी समर्थनीय आहे, पण ती नंतर ठरली. मग निष्कर्ष डळमळतो का? त्यासाठी दुरुस्ती न करता स्वतः हिशोब करून पाहायचा. तो पुढे दिला आहे. कच्चे आकडेही त्याच दिशेला जातात, म्हणून ‘मृत्यू कमी होतात’ हे विधान टिकते. ‘किती कमी’ याबद्दल मात्र थोडा हात राखून बोलावे.

नेहमीच्या उपचारांच्या गटातही काहींना स्टेरॉइड मिळाले. ट्रायल बिघडली का?

नाही. त्या गटातल्या सुमारे ८ टक्के रुग्णांना उपचाराचा भाग म्हणून स्टेरॉइड मिळाले, आणि डेक्सामेथासोन गटातल्या ९५ टक्क्यांना निदान एक तरी डोस मिळाला. विश्लेषण मूळ वाटपानुसारच झाले: ज्याचे नाव ज्या गटात निघाले तो शेवटपर्यंत त्याच गटात मोजला. अशा सरमिसळीने दोन गटांतला फरक सहसा कमी दिसतो, फुगत नाही. शीटवर बायसची दिशा लिहायला शिका. ‘सरमिसळ ८ टक्के, परिणाम असलाच तर फायदा कमी दाखवण्याकडे’ एवढे वाक्य नुसत्या ‘होय/नाही’पेक्षा कितीतरी उपयोगी पडते.

परिणामांच्या रकान्यात सगळे निकाल उतरवायचे का?

नको. मुख्य निकाल, रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा एखादा दुसरा निकाल आणि अपाय, एवढे पुरे. प्रत्येकासाठी नुसती टक्केवारी न लिहिता अंश आणि छेद लिहा. इथे ४८२/२१०४ आणि १११०/४३२१. छेद लिहिला की किती जणांचा निकाल हाती नाही हेही लगेच कळते. या पेपरमध्ये तो जवळजवळ सर्वांचा आहे, म्हणून गहाळ माहितीचा भाग एका ओळीत संपतो.

अपायाच्या रकान्यावर मात्र थांबा. डेक्सामेथासोनमुळे झालेल्या गंभीर प्रतिक्रियांच्या चारच नोंदी पेपरमध्ये आहेत. इतक्या मोठ्या ट्रायलमध्ये चारच! घाईत वाचणारा इथे ‘औषध सुरक्षित’ लिहून मोकळा होतो. पण ही ट्रायल साथीच्या ऐन धुमाळीत, कमीत कमी फॉर्म भरून घेऊन केली होती. तिची मांडणी मृत्यू मोजण्यासाठी होती. प्रत्येक रुग्णाची साखर रोज किती वाढली, नंतर कोणता संसर्ग झाला, याचा बारीक हिशोब ठेवण्यासाठी ती नव्हती. शिवाय मुख्य निकालाची मुदत २८ दिवसांचीच. म्हणून योग्य नोंद अशी: ‘अपायांची माहिती अपुरी, या पेपरवरून सुरक्षिततेबद्दल ठाम बोलता येत नाही’. ही ओळ पुढे फार कामाला येणार आहे.

प्रिसिजन कशी तपासायची? पी व्हॅल्यू पुरत नाही का?

पी व्हॅल्यू एवढेच सांगते की औषधाचा परिणाम मुळीच नसता तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता किती. फरक किती लहान आणि किती मोठा असू शकतो हे कॉन्फिडन्स इंटर्व्हलवरून कळते. पेपरमध्ये रेट रेशो ०.८३ आणि त्याचा ९५ टक्के इंटर्व्हल ०.७५ ते ०.९३ असा आहे. पण रुग्णाच्या खाटेजवळ गुणोत्तर कामाचे नसते, तिथे प्रत्यक्ष फरक लागतो. तो स्प्रेडशीटमध्ये दोन सूत्रांत निघतो. पहिल्या ओळीत `A1` मध्ये 482 आणि `B1` मध्ये 2104, दुसऱ्या ओळीत `A2` मध्ये 1110 आणि `B2` मध्ये 4321 भरा.

```
=A2/B2-A1/B1
=SQRT((A1/B1)*(1-A1/B1)/B1+(A2/B2)*(1-A2/B2)/B2)
```

पहिले सूत्र फरक देते: ०.०२७८, म्हणजे २.८ टक्के गुण. दुसरे स्टँडर्ड एरर देते: ०.०११३. त्याला १.९६ ने गुणून फरकातून वजा केले आणि फरकात मिळवले की इंटर्व्हल मिळतो: ०.६ ते ५.० टक्के गुण. शून्य त्यात नाही. वयाची दुरुस्ती न करताही फायदा दिसतो असे मघाशी म्हटले, ते यावरून.

एक मृत्यू टाळण्यासाठी किती जणांना औषध द्यावे लागेल? १०० भागिले २.८, म्हणजे ३६. पण नुसता ३६ लिहून पान उलटू नका. इंटर्व्हलची टोके वापरली तर हाच आकडा २० ते सुमारे १८० असा पसरतो. मग स्वतःला विचारा: खरा आकडा १८० च्या बाजूला असला तरी मी हे औषध देईन का? डेक्सामेथासोन स्वस्त आहे, सहज मिळते आणि निकाल मृत्यूचा आहे, म्हणून माझे उत्तर होय. हाच आकडा लाखभर रुपयांच्या इंजेक्शनचा असता तर उत्तर वेगळे आले असते.

सबग्रुपवर विश्वास ठेवावा का? आम्हाला तर ‘सबग्रुप नेहमी संशयाने बघा’ असे शिकवले आहे.

संशयाने बघा, पण बघा. या पेपरमध्ये तर सबग्रुप बघितला नाही तर पेपर वाचलाच नाही असे होईल. नोंदणीच्या वेळी श्वासासाठी किती आधार लागत होता त्यावरून रुग्णांचे तीन गट केले. व्हेंटिलेटरवर असलेल्यांत मृत्यू २९.३ विरुद्ध ४१.४ टक्के. व्हेंटिलेटर नाही पण ऑक्सिजन चालू आहे अशांत २३.३ विरुद्ध २६.२. ऑक्सिजनची गरजच नसलेल्यांत मात्र १७.८ विरुद्ध १४.०, म्हणजे डेक्सामेथासोन गटात जास्त.

तीन प्रश्न विचारा. हे गट आधी ठरले होते का? होय. गटांत फरक आहे की नाही याची वेगळी चाचणी केली का, की प्रत्येक गटाची पी व्हॅल्यू शेजारी शेजारी ठेवून अंदाज बांधला? चाचणी केली, आणि आधार जितका जास्त तितका फायदा जास्त हा कल स्पष्ट निघाला. तिसरा, शरीरशास्त्राच्या दृष्टीने पटते का? आजार वाढल्यावर फुप्फुसात दाह जास्त, सुरुवातीला विषाणूचा जोर जास्त. दाह शमवणारे औषध पुढच्या टप्प्यात उपयोगी पडावे हे पटण्यासारखे आहे. तिन्ही उत्तरे अनुकूल आली म्हणून हा सबग्रुप मी गंभीरपणे घेतो.

आता ऑक्सिजन नसलेल्यांची ओळ प्रिसिजनच्या नजरेने वाचा. रेट रेशो १.१९, इंटर्व्हल ०.९२ ते १.५५. काही जण इथे लिहितात, ‘फरक नाही’. ते चूक आहे. वरच्याच सूत्रांत ८९/५०१ आणि १४५/१०३४ घालून पाहा: डेक्सामेथासोनने मृत्यू ०.२ टक्के गुणांनी कमी होण्यापासून ७.७ टक्के गुणांनी वाढण्यापर्यंत काहीही असू शकते. फायद्याला जवळपास जागा नाही, अपायाला भरपूर आहे. शीटवरची नोंद: ‘फायदा दिसत नाही, अपायाची शक्यता नाकारता येत नाही’. ‘फरक नाही’ आणि हे वाक्य यांतले अंतर भारतात फार महागात पडले.

अ‍ॅप्लिकेबिलिटीच्या रकान्यात ‘होय, आपल्याकडे लागू’ एवढे पुरत नाही का?

नाही, कारण ‘आपल्याकडे’ म्हणजे कोण? हा रकाना रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून भरायचा.

समजा, आपल्याकडच्या जिल्हा रुग्णालयात दोघे आहेत. एक ६४ वर्षांचे काका, मिनिटाला ४ लिटर ऑक्सिजन चालू. दुसऱ्या ५८ वर्षांच्या मावशी, मधुमेह आहे, ताप आणि खोकला आहे, पण ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन ९६.

काकांसाठी मधला सबग्रुप लागू होतो. पण ब्रिटनमधले २६.२ टक्के मृत्यू आपल्या वॉर्डातही असतील असे गृहीत धरू नये. आपल्या वॉर्डातले आकडे काढा. समजा अशा रुग्णांत मृत्यू १० टक्के आहेत. गुणोत्तर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी बऱ्यापैकी तसेच राहते असे धरून त्या गटाचा रेट रेशो ०.८२ लावला, तर १० चे ८.२ होतात. फरक १.८ टक्के गुण, म्हणजे ५६ जणांमागे एक मृत्यू टळतो. इंटर्व्हल ०.७२ ते ०.९४ लावला तर साधारण ३६ ते १६७ जणांमागे एक. निर्णय बदलत नाही, पण अपेक्षा खऱ्या पातळीवर येते.

मावशींसाठी तिसरी ओळ लागू होते, आणि तिथे फायदा दिसलेलाच नाही. वर मधुमेह. ट्रायलमध्ये मधुमेह असलेले सुमारे २४ टक्के होते, पण त्यांची साखर आणि नंतरचे संसर्ग यांची पुरेशी माहिती पेपरमध्ये नाही, हे आपण अपायाच्या रकान्यात लिहून ठेवलेच आहे. म्हणून मावशींना या पेपरच्या आधाराने डेक्सामेथासोन देता येत नाही.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत नेमके उलटे झाले. घरी असलेल्या, ऑक्सिजन न लागणाऱ्या अनेकांना ताप आला म्हणून स्टेरॉइड सुरू झाले, कधी जास्त मात्रेत, कधी १० दिवसांच्या पुढे. त्याच काळात महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे हजारो रुग्ण आढळले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर हे त्याच्याशी जोडलेले प्रमुख धोके होते. कित्येकांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले. ‘स्टेरॉइडने जीव वाचतो’ एवढीच ओळ पुढे गेली. कोणाचा वाचतो, किती मात्रेने आणि किती दिवसांत, हे पेपरच्या तक्त्यातच राहिले.

ट्रायलमधून वगळलेल्या रुग्णांचे काय?

हा भाग फ्लोचार्टमध्ये असतो आणि तो अ‍ॅप्लिकेबिलिटीच्या रकान्यातच लिहावा. ट्रायलमध्ये नोंदलेल्या ११,३०३ रुग्णांपैकी ९,३५५ जणच, म्हणजे ८३ टक्के, डेक्सामेथासोनच्या तुलनेत घेण्याजोगे होते. बाकीच्यांच्या बाबतीत औषध उपलब्ध नव्हते, किंवा डॉक्टरांच्या मते ते नक्की द्यायला हवे होते, किंवा अजिबात देऊ नये असे होते. ज्यांना देऊ नये असे वाटले त्यांच्याबद्दल हा पेपर काहीच सांगत नाही. सक्रिय क्षयरोग असलेला रुग्ण समोर असेल तर ‘रिकव्हरीत फायदा दिसला’ हे उत्तर होऊ शकत नाही.

एका पेपरला किती वेळ द्यावा, आणि कोणत्या क्रमाने?

पहिल्यांदा दोन-तीन तास लागतात. क्रम असा ठेवावा: आधी पद्धती, मग फ्लोचार्ट, मग पहिला तक्ता, मग निकालांचे तक्ते, मग पुरवणी आणि प्रोटोकॉल. चर्चेचा भाग आणि गोषवारा शेवटी. लेखकांचे मत आधी वाचले की आपले रकाने त्यांच्याच शब्दांनी भरतात. प्रोटोकॉल उघडण्याचा कंटाळा करू नये, कारण मुख्य निकाल आधीपासून तोच होता का हे तिथेच कळते.

दोघांनी एकाच पेपरची शीट भरली आणि मते जुळली नाहीत तर?

मत बदलण्याआधी दोघांनी आपापल्या नोंदीसमोर पेपरमधले वाक्य किंवा तक्त्याचा क्रमांक लिहावा. बहुतेक मतभेद तिथेच मिटतात, कारण एकाने मृत्यूचा विचार केलेला असतो आणि दुसऱ्याने डिस्चार्जचा. पुरावा समोर ठेवूनही मत वेगळे राहिले, जसे वयाच्या दुरुस्तीबद्दल राहू शकते, तर दोन्ही मते कारणांसह शीटवर ठेवा. आमच्या वर्गात या ओळीवर काही जण ‘धोका कमी’ लिहितात. मी ‘काही शंका’ लिहितो.